भावाचं ॲसिडिटीचं ऑपरेशन ठरलंय, पण दाबाची तपासणी अर्धवट राहिली

सांजवात (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

धाकट्या भावाला (वय ४१, सांगलीत स्पेअर पार्टचं दुकान) तीन वर्षांपासून छातीत जळजळ आहे आणि घशाशी येतं. रात्री ठसका लागून उठतो. पॅन्टोप्राझोल आधी सकाळी एक होती, मग दोन वेळा झाली. पहिले काही महिने बरं वाटलं, आता काहीच फरक नाही. दुर्बिणीत छोटा हायटस हर्निया आणि ग्रेड ए ची सूज निघाली. मग गोळ्या सात दिवस बंद ठेवून नाकातून नळी घालून २४ तासांची तपासणी केली. रिपोर्टमधले आकडे असे:

ॲसिडचा एकूण वेळ ११.४ टक्के. डीमीस्टर स्कोअर ४१. रिफ्लक्सच्या वेळा १७. सगळ्यात लांब वेळ ९६ मिनिटं. खाली शेरा 'पॅथॉलॉजिकल रिफ्लक्स'.

त्याच दिवशी आधी अन्ननलिकेच्या दाबाची तपासणी, म्हणजे मॅनोमेट्री, करायची होती. ती झाली नाही. 'रुग्णाला सहन न झाल्याने अपूर्ण' असं लिहिलंय. सर्जन म्हणतात आकडे स्पष्ट आहेत, दुर्बिणीतून फंडोप्लिकेशन करून टाकू. तारीख बारा दिवसांनंतरची आहे. भाऊ म्हणतो ती नळी पुन्हा नको. मॅनोमेट्री खरंच लागते का, की उगाच खर्च?

---

हिशेबी (सोमवार, रात्री १०:०५)

ताई, माझं याच विषयावर बरंच वाचन झालंय. डीमीस्टरची मर्यादा १४.७२ आहे. तुमच्या भावाचे ४१, म्हणजे जवळजवळ तिप्पट. ॲसिडचा वेळ ६ टक्क्यांच्या वर गेला की रिफ्लक्स सिद्ध झाला, त्यात वाद नाही. दाबाची तपासणी ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांच्यासाठी. भावाला तो त्रास नसेल तर पैसे वाचवा आणि ऑपरेशन उरकून घ्या.

---

कुडाळचे_आजोबा (मंगळवार, सकाळी ६:१०)

माझी मॅनोमेट्री गेल्या वर्षी झाली. अजिबात दुखत नाही, दहा मिनिटांत मोकळा झालो. एक फुगा आत घालून फुगवतात आणि ढकला म्हणतात. भावाला सांगा घाबरू नकोस. नंतर इसबगोल चालू केलं, आता रोज सकाळी पोट साफ.

---

डोंबिवली_फास्ट (मंगळवार, सकाळी ८:३२)

आजोबा, ती दुसऱ्या टोकाची मॅनोमेट्री 😀

---

नळीवाली (मंगळवार, दुपारी १:१५)

आजोबा, यंत्र तेच, नळीही बहिणीबहिणीच. फक्त प्रवेशद्वार वेगळं.

सांजवात, मी डॉक्टर नाही. अशा तपासण्यांच्या लॅबमध्ये नळी घालणं आणि आलेख वाचायला मदत करणं हे अकरा वर्षं करतेय. तुमचे आकडे दोनदा वाचले. काही विचारते, भावाला शेजारी बसवून उत्तरं द्या.

एक, अपूर्ण का राहिली? उमाळे आले म्हणून काढली, की नळी खाली जाईचना? दोन, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरतो का? तीन, घशाशी येतं ते आंबट-कडू असतं, की खाल्लेलं जसंच्या तसं? चार, वजन?

हिशेबी, तुमचे दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण त्या ११.४ च्या शेजारी १७ लिहिलंय, ते वाचलंत का?

---

हिशेबी (मंगळवार, दुपारी १:४०)

१७ म्हणजे कमी, मान्य. पण वेळ जास्त आहे ना? शेवटी आम्ल किती वेळ होतं हेच महत्त्वाचं.

---

नळीवाली (मंगळवार, दुपारी २:२०)

गणित करून बघा, तुमचाच प्रांत आहे. २४ तासांचे ११.४ टक्के म्हणजे साधारण १६४ मिनिटं. त्यातली ९६ एकाच वेळेत गेली. उरलेली ६८ मिनिटं सोळा वेळांत वाटली गेली. खऱ्या रिफ्लक्सवाल्याचा आलेख असा सहसा नसतो. त्याचं जेवल्यानंतर दर थोड्या वेळानं वर येतं, गिळलेल्या लाळेनं धुतलं जातं, पुन्हा येतं. वेळा पन्नास, ऐंशी, शंभर अशा भरतात. रात्री आडवं पडल्यावर एखादी वेळ लांबते हे खरं, म्हणून नुसत्या या आकड्यांवरून मी काही ठरवत नाहीये.

लांब वेळेची तीन कारणं असू शकतात. खरोखर ॲसिड आलं आणि धुतलं गेलं नाही. किंवा नळी सरकून टोक पोटात गेलं. किंवा अन्ननलिकेतच अन्न साचून आंबलं. यंत्राला यातला फरक कळत नाही. ते फक्त पीएच ४ च्या खाली किती वेळ होता तेवढं मोजतं आणि सगळ्याला रिफ्लक्स म्हणतं.

फरक आलेखात दिसतो. रिफ्लक्समध्ये रेष कड्यावरून पडल्यासारखी एकदम खाली येते आणि पायऱ्या पायऱ्यांनी वर चढते. टोक पोटात गेलं असेल तर रेष एक-दोनच्या आसपास चिकटून बसते. साचलेलं अन्न आंबत असेल तर रेष घाटातल्या उतारासारखी हळूहळू सहा, पाच, चार अशी घसरते आणि बहुधा ३ च्या खाली जात नाही. इडलीचं पीठ रात्रभरात येतं तसंच ते. रिपोर्टच्या शेवटच्या पानांवर आलेख छापलेला असतो, तो बघा.

---

सांजवात (मंगळवार, रात्री ८:५०)

भावाला विचारलं. उत्तरं ऐकून जरा हादरलेय.

नळी ४० च्या खुणेपर्यंत गेली, मग तोंडात येऊन गुंडाळली. तीनदा तसंच झालं. चौथ्यांदा त्यानेच हात धरला. दुसरी, बारीक नळी एक्स-रेखाली बघून बसवली.

भाकरी पाण्याशिवाय जात नाही. तो म्हणतो ही सवय आहे. वहिनी म्हणते सवय दोन वर्षांपूर्वी लागली. जेवताना मधेच उठून चकरा मारतो, दोन्ही हात वर करून मागे वाकतो. आम्ही हसायचो. वर येतं ते आंबट नसतं. सकाळी उशीवर रात्रीच्या वरणभाताची शितं असतात. वजन सात किलो उतरलंय, तो खूश होता.

'गिळायला त्रास होतो का' असं डॉक्टरांनी विचारलं होतं, तेव्हा हा 'नाही' म्हणाला होता.

आलेखात ९६ मिनिटांचा भाग रात्री अडीचच्या पुढचा आहे. कडा नाही, उतार आहे. सगळ्यात खालचा आकडा ३.४.

---

मांडवीकाठ (मंगळवार, रात्री १०:३०)

निवृत्त सर्जन आहे, पणजी. अशी ऑपरेशनं बरीच केली.

मॅनोमेट्रीशिवाय हे ऑपरेशन करू नये. फंडोप्लिकेशनमध्ये जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळतो आणि सैल झडप घट्ट करतो. झडप आधीच उघडत नसेल, तर बंद दाराला आपण बाहेरून कडी लावतो. माझ्या सुरुवातीच्या काळात हे यंत्र सगळीकडे नव्हतं, बेरियमवर भागवायचो. एका बाईंना ऑपरेशननंतर पाणीही उतरेना. मूळ आजार अकॅलेझिया, म्हणजे झडपच न उघडण्याचा, निघाला, तोही छातीत जळजळ म्हणूनच आला होता. गुंडाळलेलं सोडवायला पुन्हा पोट उघडावं लागलं.

तारीख पुढे ढकला. तुमच्या सर्जनना हे तीन मुद्दे एका कागदावर लिहून द्या: नळी गुंडाळली, शितं येतात, सात किलो. कोणताही शहाणा सर्जन त्यावर थांबेल.

---

जर्सीचा_पक्या (बुधवार, पहाटे ४:०५)

माझा अनुभव थोडा उलटा. इथे न्यू जर्सीत मला नळी नाही, कॅप्सूल लावली. दुर्बिणीतून अन्ननलिकेच्या भिंतीला चिकटवतात, ९६ तास कमरेच्या यंत्राला सिग्नल देते, मग आपोआप सुटून निघून जाते. चारही दिवस सगळं खाल्लं, तिखट, कॉफी, एक पार्टीसुद्धा. जळजळ झाली की बटण दाबायचं. मी ४३ वेळा दाबलं. ॲसिडचा वेळ चारही दिवस दीड टक्क्याच्या आत. माझी जळजळ खरी, पण ॲसिडची नाही, अन्ननलिकेच्या नसाच जास्त हळव्या आहेत असं सांगितलं. रात्री झोपताना ॲमिट्रिप्टिलिनची छोटी गोळी दिली, सत्तर टक्के फरक पडला. त्याआधी दोन वर्षं 'माझं ऑपरेशन करा' म्हणून मीच डॉक्टरांच्या मागे लागलो होतो.

तेव्हा ताई, कॅप्सूल लावून घ्या, नाकात नळी नको.

---

नळीवाली (बुधवार, सकाळी ११:००)

पक्या, तुमच्या बाबतीत कॅप्सूल योग्यच होती. पण ती फक्त आम्ल मोजते. झडप उघडते की नाही हे तिला कळत नाही, त्यामुळे इथे तिचा उपयोग नाही.

---

मांडवीकाठ (बुधवार, सकाळी ११:४५)

पक्यासारखे लोक किती असतात, त्यावर एक आठवलं. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत 'गोळ्यांनी जळजळ जात नाही' म्हणणाऱ्या ३६६ जणांची चाळणी केली, तो अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. ४२ जण नुसती गोळी नीट, दोन वेळा जेवणाआधी घेतल्यावर बरे झाले. २३ जणांना अन्ननलिकेचा वेगळाच आजार निघाला. ९९ जणांची जळजळ ॲसिडची नव्हती. बाकी काही इतर कारणांनी गळले, काही स्वतःहून बाहेर पडले. उरले ७८. त्यांत मात्र ऑपरेशन झालेल्यांपैकी दोन तृतीयांश बरे झाले, गोळ्यांवर ठेवलेल्यांपैकी जेमतेम पाव. ऑपरेशन चांगलंच आहे, फक्त ते त्या ७८ जणांसाठी आहे.

---

मोगरा_गजरा (बुधवार, दुपारी ३:१०)

मधेच विचारते. आईला दुर्बिणीत ग्रेड सी निघाला. तिच्या डॉक्टरांनी २४ तासांची तपासणी नको, फक्त दाबाची करा म्हटलं. इथलं वाचून गोंधळले.

---

नळीवाली (बुधवार, दुपारी ४:००)

बरोबर सांगितलंय. २४ तासांची तपासणी 'रिफ्लक्स आहे का' या प्रश्नासाठी. ग्रेड सी किंवा डी, किंवा बायोप्सीत बॅरेट, म्हणजे अन्ननलिकेचं अस्तर बदललेलं निघालं, की त्याचं उत्तर दुर्बिणीनंच दिलेलं असतं. ग्रेड ए निरोगी माणसांतही दिसतो, म्हणून तो पुरावा धरत नाहीत. ग्रेड बी वर आधी वाद होता, अलीकडच्या नियमांत त्यालाही पुरावा मानतात. दाबाची तपासणी 'ऑपरेशन झेपेल का, आणि आजार भलताच तर नाही ना' यासाठी. ती ऑपरेशनला जाणाऱ्या प्रत्येकाला.

---

हिशेबी (बुधवार, संध्याकाळी ६:२५)

मी शब्द मागे घेतो. पण एक शंका. गोळ्या बंद करून तपासणी करायचं कारण काय? माणूस गोळ्या घेऊनच जगतोय, तर गोळ्या चालू ठेवून मोजलं तर खरी परिस्थिती कळेल ना?

---

नळीवाली (बुधवार, रात्री ९:१५)

अर्धं बरोबर. रिफ्लक्स आधी सिद्ध झालाय आणि गोळ्या घेऊनही त्रास आहे, तर गोळ्या चालू ठेवून मोजतात. पण तेव्हा पीएचसोबत इम्पीडन्सची, म्हणजे आम्ल असो-नसो वर आलेलं टिपणारी नळी लागते, कारण गोळीमुळे वर येणाऱ्याचं आम्ल कमी झालेलं असतं आणि नुसत्या पीएचला ते दिसत नाही. सिद्धच झालेला नसेल तर गोळी बंद. नाहीतर 'नॉर्मल' आलं तर आजार नाही म्हणून आलं की गोळीमुळे, हे कसं कळणार?

बंद म्हणजे पूर्ण सात दिवस. आमच्याकडे दर आठवड्याला एक जण तरी येतो, 'आदल्या रात्री फक्त एकच घेतली' म्हणणारा.

---

सांजवात (पुढचा गुरुवार, रात्री ९:००)

खबर देते. सर्जनना कागद दाखवला. त्यांनी मिनिटभर आलेख बघितला आणि स्वतःच तारीख रद्द केली. उशीवरच्या शितांबद्दल आम्हीच सांगितलं नव्हतं, त्यांचा काय दोष.

मॅनोमेट्री पुण्यात करून घेतली. सहा तास उपाशी. या वेळी थोडी गुंगी देऊन दुर्बिणीच्या मदतीनं नळी झडपेपलीकडे नेली आणि गुंगी उतरल्यावर तपासणी सुरू केली. आडवं झोपवून दहा वेळा चमचाभर पाणी, प्रत्येकी ५ मिली. मग बसवून पाच वेळा. शेवटी २०० मिली एका दमात प्यायला लावलं, ते निम्म्यावर सोडलं. सगळं वीस मिनिटांत.

दुर्बीण घालताना अन्ननलिकेत आदल्या दिवशीची ज्वारी सापडली.

रिपोर्ट: आयआरपी ३१. दहापैकी एकाही घोटाला लाट नाही. आठ घोटांत 'पूर्ण अन्ननलिकेत एकसमान दाब'. निष्कर्ष अकॅलेझिया, टाइप टू.

---

नळीवाली (गुरुवार, रात्री ९:४०)

वाटलंच होतं, तरी वाचून वाईट वाटलं.

चित्र कसं वाचायचं सांगते, म्हणजे भावाला समजावता येईल. वरून खाली अन्ननलिका, डावीकडून उजवीकडे वेळ, निळा म्हणजे कमी दाब, लाल म्हणजे जास्त. निरोगी माणसाच्या घोटात एक तिरकी रेघ वरून खाली उतरते, ती लाट. आणि ती खाली पोचायच्या आधीच तळाचा पट्टा निळा पडतो, म्हणजे दार उघडलं. आयआरपी म्हणजे दार उघडायच्या वेळेला तिथे किती दाब शिल्लक राहिला तो. बऱ्याच यंत्रांवर आडवं झोपून १५ पर्यंत ठीक धरतात. प्रत्येक कंपनीच्या नळीची मर्यादा वेगळी असते, म्हणून कुठल्या यंत्रावर केलं तेही रिपोर्टवर बघायचं. ३१ मात्र कुठल्याही यंत्रावर जास्तच.

भावाच्या चित्रात तिरकी रेघ नसेल, उभे पट्टे असतील. दोन्ही टोकं बंद करून पाण्याची पिशवी दाबली की दाब सगळीकडे सारखा वाढतो, तसं.

त्यातल्या त्यात बरी गोष्ट अशी की तीन प्रकारांत उपचाराला सगळ्यात चांगला प्रतिसाद टाइप टू देतो.

---

सांजवात (गुरुवार, रात्री १०:१०)

आता तीन पर्याय सांगितलेत: फुगा घालून झडप ताणणे, पोटातून दुर्बिणीनं झडपेचा स्नायू कापणं म्हणजे हेलर, किंवा तेच तोंडातून म्हणजे पोएम. काय करावं?

---

मांडवीकाठ (शुक्रवार, सकाळी ७:५०)

टाइप टू ला तिन्ही चालतात. पोएमनंतर खरा रिफ्लक्स होण्याचं प्रमाण जास्त आहे, कारण दार उघडलं की उघडंच राहतं. हेलरमध्ये आम्ही वर अर्धवट गुंडाळी घालतो, त्यानं तो थोडा आवरतो. मी सर्जन, माझा कल हेलरकडे. तुमचे गॅस्ट्रोवाले पोएम म्हणतील. ज्याचा हात ज्यावर बसलाय त्याच्याकडून ते करून घ्या. पाच मिनिटांनी फोटो काढतात तो बेरियम आधी करून ठेवा, नंतर तुलनेला लागेल.

---

डोंबिवली_फास्ट (शुक्रवार, सकाळी ९:२०)

आता माझं. ॲसिडचा वेळ ५.२ टक्के, गोळ्या बंद ठेवून. ग्रेड ए. आयआरपी ९. दहापैकी सहा घोट 'वीक', शेरा 'इनइफेक्टिव्ह मोटिलिटी'. एक सर्जन ऑपरेशन करू म्हणतो, दुसरा म्हणतो तुमची अन्ननलिका कमकुवत आहे, करायचं नाही. कोण खरं?

---

नळीवाली (शुक्रवार, दुपारी १:३०)

दोघांचंही घाईचं वाटतं. शेरा जुन्या नियमानं मारलाय. आधी दहापैकी पाच घोट कमजोर असले की ते लेबल लागायचं. २०२१ च्या नियमांत सत्तर टक्क्यांहून जास्त लागतात, किंवा निम्मे पूर्ण फेल. तुमचे सहा आहेत, म्हणजे नव्या नियमानं तुमचा दाब नॉर्मलच. पाच झटपट घोट दिले होते का? त्यानंतरची लाट जोरदार आली तर नलिकेत अजून ताकद आहे असं धरतात.

५.२ मात्र खरंच अधांतरी आहे. ४ च्या खाली नाही, ६ च्या वर हो, मधलं कुणाचंच नाही. तिथे वेळा किती हे बघावं लागतं. ८० च्या वर असतील तर पारडं रिफ्लक्सकडे झुकतं, ४० च्या खाली असतील तर उलट. आणि बटण दाबलं त्याच्या आधीच्या दोन मिनिटांत रिफ्लक्स होता का.

---

मांडवीकाठ (शुक्रवार, दुपारी २:१५)

कमजोर लाट म्हणजे ऑपरेशन नाहीच, असं नाही. मी अशांना पूर्ण ३६० अंशांऐवजी मागून २७० ची गुंडाळी घालत असे. पण ५.२ वर आणि ग्रेड ए वर मी चाकू उचलला नसता.

---

नळीवाली (शुक्रवार, दुपारी २:४०)

सर, वेळा ९० निघाल्या आणि जळजळ त्यांच्याशी जुळली तरी नाही?

---

मांडवीकाठ (शुक्रवार, दुपारी ३:०५)

तरीही आधी ९६ तासांची कॅप्सूल लावली असती. एक दिवस फसवतो.

---

डोंबिवली_फास्ट (शुक्रवार, रात्री ११:५०)

वेळा ६२ आहेत. म्हणजे तिथेही मधेच लटकलोय. बटण मी दिवसभरात फक्त दोनदा दाबलं, लोकलमध्ये हात वर करायला जागा नव्हती. आलेखाची पानं ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहेत, सोमवारी टाकतो.